चित्र लुकलुकते, दोष केबलचा

कन्सोलचे चित्र लुकलुकू लागले की संशय आधी कन्सोलवर जातो, मग टीव्हीवर. केबल सहसा शेवटी आठवते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानदाराकडे आलेल्या गिऱ्हाइकाचेही असेच झाले होते. प्लेस्टेशन 5 नव्या फोर-के टीव्हीला जोडल्यापासून पडद्यावर पांढरे ठिपके चमकत आणि मधूनच एक-दोन सेकंद पडदा काळा होई. कन्सोल दुरुस्तीला द्यायचे त्याने ठरवलेच होते.

कन्सोलसोबतची केबल तोकडी पडली म्हणून त्याने पाच मीटरची स्वस्त एचडीएमआय केबल घेतली होती. तिच्यावर त्याचा संशय नव्हता, कारण तीच केबल आधी सेट-टॉप बॉक्सवर विनातक्रार चालत होती. दुकानदाराला मात्र खूण पटली ती इथेच.

त्याने दुकानातल्या फोर-के टीव्हीला त्याच केबलने कन्सोल जोडला. ठिपके इथेही दिसले, म्हणजे घरचा टीव्ही निर्दोष. मग कन्सोलच्या सेटिंगमध्ये `Video Output` उघडून रिझोल्यूशन `1080p` केले, तर चित्र स्थिर. पुन्हा फोर-के केले, ठिपके परत. एवढ्याने केबल दोषी ठरत नाही. कन्सोलचे पोर्ट बिघडले असले तरी असेच होऊ शकते. म्हणून कन्सोल टीव्हीजवळ आणून त्याची मूळ केबल लावली. चित्र स्वच्छ. शेवटी लांब केबल पुन्हा जोडली आणि ठिपके आले, तेव्हा शंका उरली नाही. ही उलट तपासणी अनेक जण टाळतात. पण केबल काढता-लावताना सैल पिन नीट बसल्यानेही बिघाड तात्पुरता नाहीसा होतो.

सेकंदाला 60 चित्रे दाखवताना 1080p साठी केबलमधून सुमारे 4.5 गिगाबिट माहिती जाते, फोर-केसाठी चौपट, म्हणजे जवळपास 18. वेग वाढतो तसा तांब्याच्या तारेत सिग्नल अधिक क्षीण होतो. तार बारीक, लांब आणि जोड्यांचे आवरण कच्चे असेल, तर टीव्हीला शून्य आणि एक यांतला फरक ओळखता येत नाही. थोड्या चुका झाल्या की ठिपके दिसतात. ताळमेळच सुटला की पडदा काळा होतो आणि टीव्ही नव्याने जुळवून घेतो. सिग्नल डिजिटल असल्यामुळे चित्र हळूहळू फिके पडत नाही. महागडी, सोन्याचा मुलामा दिलेली केबल रंग खुलवते हा दावाही म्हणूनच पोकळ आहे.

वेष्टनावर नुसते ‘फोर-के’ छापलेले असणे हे प्रमाणपत्र नव्हे. 18 गिगाबिटसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ आणि 48 गिगाबिटसाठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असे अधिकृत लेबल असते. दुसऱ्यावरचा क्यूआर कोड फोनवरील अ‍ॅपने तपासता येतो. गिऱ्हाइकाला दुकानदाराने तीन मीटरची प्रमाणित केबल दिली आणि टीव्हीचे कपाट थोडे सरकवायला सांगितले.