एडिटरचा रेट मिनिटात नसतो

‘यूट्यूबसाठी एडिटर पाहिजे, एका व्हिडिओचा रेट सांगा.’ एवढ्याच दोन ओळींचा मेसेज फ्रीलान्स एडिटरांना सतत येतो. यावर धड उत्तर देता येत नाही, आणि जो लगेच आकडा सांगतो त्याच्यापासून जरा जपून राहावं. कारण एडिटिंगचं काम तयार व्हिडिओ किती मिनिटांचा यावर ठरत नाही. ते ठरतं तुम्ही त्याच्या हातात काय आणि किती देता यावर.

एक उदाहरण घेऊ. सांगलीकडच्या एक काकू पारंपरिक पदार्थांचं चॅनल चालवतात, असं समजा. आजवर त्या मोबाइलवर स्वतःच कापाकापी करत होत्या. आता पहिल्यांदाच बाहेर काम द्यायचं ठरलंय. व्हिडिओ गव्हाच्या कुरडईचा. गहू तीन दिवस भिजणार, रोज पाणी बदलणार, मग वाटून चीक काढणार, रात्रभर तो खाली बसू देणार, सकाळी घोटणार आणि सोऱ्याने उन्हात घालणार. शूटिंग चार-पाच दिवसांत तुकड्यातुकड्याने झालेलं, एक फोन स्टँडवर, दुसरा सुनेच्या हातात. कच्चं फुटेज २ तास २० मिनिटं. हवा आहे १२ मिनिटांचा व्हिडिओ.

एडिटरचे तास इथे मोजून बघा. सगळं बघून कामाचं काय ते खुणावायला ३ तास. पहिली कापणी, म्हणजे रफ कट, आणखी ३. मिक्सरची घरघर कमी करून बोलणं वर काढायला दीड. पडद्यावरची प्रमाणं, नावं आणि संगीत यांना दीड. सकाळचं आणि दुपारचं ऊन एकाच व्हिडिओत विचित्र दिसू नये म्हणून रंग जुळवणं आणि शेवटी फाइल काढणं, मिळून एक. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्यांना दोन. झाले १२ तास. काम मन लावून केलं तर यात फारसा फुगवटा नाही.

आता पैसे. एडिटरला महिन्याला ३०,००० रुपये हातात पडावेत असं धरलं, आणि वर वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअर, कॉम्प्युटरचा हप्ता असे ६,००० धरले, तर त्याला ३६,००० कमवायला हवेत. महिन्यात तो दोनशे तास बसत असेल, पण त्यातले पन्नासेक तास नवी कामं शोधण्यात, मेसेजना उत्तरं देण्यात आणि थकलेले पैसे मागण्यात जातात. पैसे मिळतात ते १५० तासांचे. म्हणजे तासाला २४० रुपये. कुरडईच्या व्हिडिओचे १२ तासांचे झाले २,८८०. हा बाजारभाव नव्हे. पुण्या-मुंबईतला अनुभवी माणूस याच्या कितीतरी पट मागेल, शिकाऊ मुलगा कमी घेईल. पण हिशोबाची रीत हीच. हेच काम कोणी १,००० रुपयांत करून घेतलं, तर त्या मुलाला तासाला ८३ रुपये पडले. त्यातून खर्चाचे ४० वजा करा. उरलेल्या ४३ रुपयांत तो तुमचा चीक किती बारकाईने बघणार?

आणि हेच १२ मिनिटांचं दुसरं काम बघा. काकू एका जागी बसून मसाल्यांबद्दल बोलताहेत, कच्चं फुटेज २० मिनिटांचं. ते पाच तासांत उरकतं, १,२०० रुपयांत. मिनिटं तेवढीच, पैसे निम्म्याहून कमी. म्हणून पहिल्याच मेसेजमध्ये कच्चं फुटेज किती, कॅमेरे किती, पडद्यावर मजकूर किती हे सांगावं आणि मग दर विचारावा.

२,८८० परवडत नाहीत, असंही होतं. तेव्हा दर पाडण्याआधी फुटेज कमी करून पाहा. वाक्य चुकलं की तिथेच कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून पुन्हा म्हणा. आवाजाच्या रेषेत टाळीचा उंचवटा दिसतो आणि एडिटर थेट तिथे पोचतो. फसलेल्या क्लिप पाठवूच नका. उरलेल्यांना ‘०१ गहू निवडणे’, ‘०२ दुसऱ्या दिवशीचं पाणी’ अशी नावं द्या. २ तास २० मिनिटांचं तासाभरावर आणलं, तर बघणं आणि कापणं यातले तीनेक तास सहज वाचतात. सातशे रुपये तिथेच कमी झाले, आणि ते एडिटरच्या खिशातून गेले नाहीत.

माणूस निवडताना त्याचा शोरील बघून भुलू नये. शोरीलमध्ये सगळ्यांचीच कामं चमकतात; त्यातलं किती त्याचं आणि किती मूळ चांगल्या शूटिंगचं, हे कळत नाही. आपल्याच फुटेजमधली आठ-दहा मिनिटं दोघांना द्या, त्यांतून प्रत्येकाकडून दोन मिनिटं बनवून घ्या आणि दोघांनाही त्याचे ठरलेले पैसे द्या. ‘आधी एक फुकट करून दाखव’ म्हणणाऱ्याकडे चांगला एडिटर फिरकत नाही. त्याला तेवढी गरज नसते. नमुना बघताना इफेक्टकडे लक्ष देऊ नका, डोळे मिटून ऐका. शब्दाचं शेपूट तुटतंय का, संगीत बोलण्यावर चढतंय का, कापलेल्या जागी श्वास अर्धवट राहतोय का? हातातलं कौशल्य तिथे कळतं.

यानंतर ब्रीफ. ‘एकदम मस्त, प्रोफेशनल करा’ हे ब्रीफ नव्हे; त्यातून एडिटरला काहीच समजत नाही. कुरडईच्या व्हिडिओत काय होतं ते सांगतो. चीक घोटणं हे बारा मिनिटांचं, एकसुरी दृश्य. स्वयंपाकाशी संबंध नसलेला हुशार मुलगा ते आठ सेकंदांत, भरधाव, ढोलकीच्या तालावर उडवणार. त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे, कंटाळवाणा भाग कापणं हेच त्याचं काम. पण बघणारी सून ज्या एका गोष्टीसाठी आलेली असते ती तिथेच असते. पांढरा चीक हळूहळू पारदर्शक होत चकाकायला लागतो, ओल्या बोटाला चिकटेनासा होतो, तेव्हा तो शिजला. तो कच्चा राहिला की वाळवताना कुरडईचे तुकडे पडतात. हे एडिटरला कोणी सांगायचं? म्हणून ब्रीफमध्ये काय कापू नये हे आधी लिहावं, बाकीचं मागून. काकूंचं ब्रीफ असं असू शकतं:

‘बघणाऱ्या बहुतेक जणी पहिल्यांदा कुरडई करणाऱ्या, मोबाइलवर, ओट्याशी उभ्या राहून बघतात. पहिल्या १५ सेकंदांत तळलेली फुललेली कुरडई आणि “तुटणार नाही” हे वाक्य. भिजवण्याचे तीन दिवस मिळून दीड मिनिट पुरे. चीक घोटणं किमान सव्वा मिनिट, शेवटची ३० सेकंदं मूळ वेगात, संगीताशिवाय. बोटाची परीक्षा कापू नये. प्रमाणं पडद्यावर मराठीत, सोबतच्या यादीप्रमाणे. माझे “म्हणजे”, “मग काय” सगळे काढू नका, मी तशीच बोलते. लांबी १० ते १२ मिनिटं. रफ कट बुधवारी, अंतिम शनिवारी. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या.’

सोबत आवडलेल्या एका व्हिडिओची लिंक द्या, पण त्यातलं नेमकं काय आवडलं तेही लिहा. नाहीतर तो रंग उचलेल आणि तुम्हाला हवा असेल वेग.

दुरुस्त्या सांगायच्या त्याही वेळेनिशी, सगळ्या एकदम, एकाच मेसेजात: ‘०४:१२ – पाव चमचा नाही, अर्धा चमचा मीठ.’ रात्री अकरापर्यंत तुकड्यातुकड्याने व्हॉइस नोट पाठवू नयेत. प्रमाण चुकलं ही दुरुस्ती. ‘सासूबाईंची आठवण सुरुवातीला घेऊया का?’ हे नवं काम, त्याचे तास वेगळे. ही रेघ आधीच आखलेली असली की भांडण होत नाही.

फाइल गूगल ड्राइव्हवरून द्या. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की चित्राचा दर्जा घसरतो. चॅनलचा पासवर्ड मात्र कोणालाही देऊ नका. यूट्यूब स्टुडिओत Settings मध्ये Permissions आहे, तिथून एडिटरला त्याच्या स्वतःच्या ईमेलवर मर्यादित अधिकार देता येतात, कमाईचे आकडे न दाखवताही. काम संपलं की तिथूनच ते काढून घेता येतात.

थंबनेलवाल्याचं शास्त्र वेगळं, आणि मराठीत त्याची एक खास गोम आहे. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींची सोय चालू केलेली नसेल तर जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाते. डिझायनरला बाकी काही विचारण्याआधी ‘गव्हाच्या चिकाची कुरडई’ एवढं लिहून मागा. तीन शब्दांत सगळी परीक्षा होते. मग ‘ल’ आणि ‘श’ बघा: पुष्कळ फाँटमध्ये ते हिंदी वळणाचे येतात. कोणाला चालतात, मला खुपतात. चित्र १२८० बाय ७२० पिक्सेलचं असतं, पण ते फोनवर टिकल्यांच्या पाकिटाएवढं दिसतं; त्यामुळे मजकूर तीन-चार शब्दांचा, आणि खालचा उजवा कोपरा मोकळा, तिथे व्हिडिओची वेळ बसते. ‘कुरडई तुटते?’ एवढं पुरे. चेहरा, कढई, बाण, ज्वाळा, सगळं कोंबू नये. शेवटी चित्राबरोबर लेयर असलेली मूळ फाइलही मागा, आणि ती मिळणार हे दर ठरवतानाच बोला. काही जण तिचे वेगळे पैसे घेतात, त्यात गैर नाही.

व्यवहाराचं थोडं. पहिल्या कामाला निम्मे पैसे आगाऊ, उरलेले अंतिम व्हिडिओ मान्य झाल्यापासून तीन दिवसांत. व्हिडिओ चालो वा न चालो. ‘व्ह्यूज आले की देतो’ ही सबब चालणार नाही, कारण विषय, शीर्षक आणि अपलोडची वेळ तुम्ही ठरवली आहे. रफ कट झाल्यावर तुम्हीच काम थांबवलंत, तर झालेल्या तासांचे पैसे द्यायचे.

हक्काचाही एक कागद करून ठेवा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन करून घेतलेल्या चित्रपटाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, करून घेणारा असतो. थंबनेलसारख्या ग्राफिकला हे सरळ लागू पडेलच असं नाही. आणि कलम १९ सांगतं की हक्क सोपवायचे तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. काकूंची कुरडई न्यू जर्सीतही बघितली जाणार, म्हणून ‘कायमचे, जगभरासाठी’ हे दोन शब्द घालावेत. त्याच कागदावर, एडिटरला हा व्हिडिओ स्वतःच्या शोरीलमध्ये वापरायची परवानगीही लिहून द्यावी. त्यात तुमचं काही जात नाही, आणि त्याला पुढचं काम त्यावरच मिळतं.

चार व्हिडिओ नीट झाले की महिन्याचं ठरवा: महिन्याला चार व्हिडिओ, इतके तास, इतके पैसे, पाच तारखेला. तासांचा हिशोब दोघांनी ठेवायचा. चौथ्या व्हिडिओला बारा तासांचे नऊ झाले, तर त्याचं एक कारण त्याला तुमची बोलण्याची ढब कळली हे आहे. म्हणून लगेच त्याचे पैसे नऊ तासांवर आणू नका. ते तीन तास त्याने कमावलेले आहेत.