पॉवर प्रेस आणि ग्राइंडर: किशोरवयीन कामगारांसाठी कायद्याची मर्यादा कोठे आहे?

यंत्रशाळेत पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा, पॉवर प्रेस आणि ग्राइंडर यांतले जास्त धोक्याचे यंत्र कोणते? उत्तर बहुतेक वेळा प्रेस असेच येते, कारण तिच्याखाली बोटे तुटतात हे सर्वांनी ऐकलेले असते. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत भारतीय कायदा मात्र प्रेसला काही अटींवर परवानगी देत आला आणि ग्राइंडिंगला सरसकट बंदी करतो. हे असे का, ते या टिपणात एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू.

समजा, झाशीच्या सिव्हिल लाइन्समध्ये राहणारा एक मुलगा दहावीनंतर शहराबाहेरच्या एका पत्रा-कारखान्यात काम मागायला जातो. त्याचे वय १६ वर्षे ४ महिने. कारखान्यात २५ कामगार आहेत आणि यंत्रे विजेवर चालतात. प्रेसवर पत्र्याचे ब्रॅकेट कापले जातात आणि नंतर त्यांच्या धारदार कडा ग्राइंडरवर घासून काढल्या जातात. वर्ष २०१९ धरू, म्हणजे कारखाने अधिनियम, १९४८ पूर्णपणे लागू आहे.

आधी वय पाहू. कारखाने अधिनियमात १५ वर्षे पूर्ण न झालेला तो ‘बालक’, १५ ते १८ मधला ‘किशोरवयीन’, आणि या दोघांना मिळून एक तिसरा शब्द आहे, ‘तरुण व्यक्ती’. बालकामगारांविषयीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. त्यात बालक १४ वर्षांपर्यंतचे आणि किशोरवयीन १४ ते १८ चा. म्हणजे साडेचौदा वर्षांचा मुलगा एका कायद्यात बालक आणि दुसऱ्यात किशोरवयीन ठरतो. परीक्षेत इथे हमखास गोंधळ होतो. आपला मुलगा दोन्हीकडे किशोरवयीन आहे, त्यामुळे आपली त्यातून सुटका होते.

त्याला कामावर घेण्याआधी योग्यता प्रमाणपत्र लागते. ते कलम ६९ नुसार सरकारने नेमलेला प्रमाणक डॉक्टर देतो, आणि ते बारा महिनेच चालते. तपासणीची फी भोगवटादाराने भरायची असते. ती मुलाकडून किंवा त्याच्या पालकांकडून वसूल करता येत नाही. या कलमातली एक अट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या जागी आणि ज्या प्रक्रियेवर मुलगा काम करणार, तिची डॉक्टरला स्वतःला माहिती नसेल, तर ती जागा पाहिल्याशिवाय त्याने प्रमाणपत्र देऊ नये. दवाखान्यात बसून वजन-उंची मोजून शिक्का मारणे कायद्याला अभिप्रेत नाही. प्रमाणपत्र व्यवस्थापकाकडे राहते आणि मुलाने कामावर असताना त्याचा संदर्भ असलेला बिल्ला जवळ बाळगायचा असतो.

आपल्या मुलाला ‘प्रौढ म्हणून काम करण्यास योग्य’ असे प्रमाणपत्र मिळाले असे धरू. ते मिळाले नसते तर वय सोळा असूनही कायद्याने त्याला बालक मानले असते आणि दिवसाला साडेचार तासांपेक्षा जास्त काम देता आले नसते. आता प्रमाणपत्र हाती आहे, मग मुलगा सगळ्याच बाबतींत प्रौढ झाला का? अनेक मालक तसेच समजतात. कलम ७० नीट वाचा. हे प्रौढत्व फक्त सहाव्या आणि आठव्या प्रकरणापुरते आहे, म्हणजे कामाचे तास आणि पगारी रजा यांच्यापुरते. (तिथेही सतरा पूर्ण होईपर्यंत रात्रपाळी नाही.) सुरक्षिततेचे प्रकरण चौथे. तिथे हा मुलगा ‘तरुण व्यक्ती’च राहतो. प्रमाणपत्राने त्याचे तास वाढतात, यंत्राजवळचे नियम सैल होत नाहीत.

चौथ्या प्रकरणातले कलम २२ सांगते की चालू यंत्राची सफाई, तेल घालणे किंवा जुळवणी करताना फिरत्या भागाने इजा होण्याचा धोका असेल, तर ते काम तरुण व्यक्तीला देऊच नये. कलम २३ धोकादायक यंत्रांविषयी आहे. ती यंत्रे कोणती हे राज्य सरकार नियमांनी ठरवते, आणि राज्यांच्या नियमांत साधारणपणे पॉवर प्रेस, धातूकामाचे मिलिंग मशीन, गिलोटिन, गोल करवत आणि प्लेटन छपाई यंत्र ही नावे सापडतात. पॉवर प्रेसपुढे मात्र ‘हायड्रॉलिक प्रेस सोडून’ असे शब्द असतात. तुम्ही अभियांत्रिकीचे विद्यार्थी असाल तर कारण ओळखाल. चावीच्या क्लचवर चालणाऱ्या यांत्रिक प्रेसमध्ये पायपट्टी दाबून क्लच एकदा अडकला की फ्लायव्हील रॅमला पूर्ण फेरी घेऊनच सोडते, मध्ये थांबवता येत नाही. हायड्रॉलिक प्रेसचा रॅम वाटेत थांबवता येतो. शिवाय क्लचची चावी किंवा स्प्रिंग झिजली, तर पायपट्टी न दाबताही रॅम दुसऱ्यांदा खाली येऊ शकतो, आणि नेमक्या त्याच वेळी कामगाराचा हात तयार झालेला तुकडा काढायला डायमध्ये गेलेला असतो.

अशा यंत्रावर तरुण व्यक्तीला बसवायचे तर त्याला धोके आणि खबरदारी पूर्ण समजावून दिलेली हवी. आणि त्याशिवाय पुरेसे प्रशिक्षण मिळालेले हवे, किंवा त्या यंत्राचे सखोल ज्ञान असलेल्या माणसाची पुरेशी देखरेख हवी. पहिली अट कधीच माफ होत नाही, दुसरीत पर्याय आहे. म्हणजे आपल्या मुलाला प्रेस अटींवर मिळू शकते.

आता ग्राइंडर. येथे २०१६ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३अ लागते: अनुसूचीत दिलेल्या धोकादायक व्यवसायांत आणि प्रक्रियांत किशोरवयीनाला काम देऊ नये, करूही देऊ नये. खाणी, ज्वालाग्राही पदार्थ व स्फोटके, आणि कारखाने अधिनियमातल्या ‘धोकादायक प्रक्रिया’ हे त्याचे मूळ तीन गट. या तिसऱ्या गटाची यादी अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि तिच्यात ओतशाळा, इलेक्ट्रोप्लेटिंग यांच्या जोडीला धातूंचे ग्राइंडिंग व ग्लेझिंग स्पष्ट लिहिलेले आहे. पॉवर प्रेस तिच्यात नाही. ‘धोकादायक प्रक्रिया’ या व्याख्येचा रोख आरोग्याच्या गंभीर हानीवर आणि प्रदूषणावर आहे. प्रेसचा धोका क्षणाचा असतो आणि प्रशिक्षण, संरक्षक जाळी यांनी तो कमी होतो. ग्राइंडिंगची बारीक धूळ रोज थोडी थोडी फुफ्फुसात जाते. मुलगा कितीही कुशल झाला तरी श्वास घेणे त्याला टाळता येत नाही. म्हणून देखरेखीची सवलत येथे नाही. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

प्रत्यक्षात चूक कोठे होते? मुलाला प्रेसवर घेतले जाते आणि ‘आज तो आला नाही, तू जरा कडा घासून दे’ म्हणून ग्राइंडरपुढे उभे केले जाते. तपासणीला येणाऱ्याने म्हणूनच हजेरीपटावरचा हुद्दा न पाहता मुलाच्या हातात काय आहे ते पाहावे. वयाबद्दल वाद झाला आणि न्यायालयाला मुलगा सकृद्दर्शनी लहान वाटला, तर तो मोठा आहे हे सिद्ध करणे कलम १०४ नुसार आरोपीवर येते.

शेवटी संख्येचा प्रश्न राहतो. मुंबईच्या गिरण्यांवरून वाद होऊन आलेला १८८१ चा पहिला कारखाना कायदा शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांनाच लागू होता. १९४८ च्या अधिनियमात विजेसह १० आणि विजेशिवाय २० कामगारांची अट होती. त्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून तिच्यात हे आकडे २० आणि ४० झाले आहेत. बारा कामगारांची यंत्रशाळा आता ‘कारखाना’ राहिलेली नाही. कलम ३अ मध्ये मात्र कामगारांची संख्याच नाही. तीन माणसांच्या पॉलिशिंगच्या दुकानातही ते लागते. कुटुंबाच्या उद्योगात मदत करण्याची सवलत आहे ती चौदा वर्षांखालच्या बालकासाठी, तीही शाळेनंतर किंवा सुट्टीत आणि बिनधोक उद्योगात. सोळा वर्षांच्या मुलाला वडिलांच्या ग्राइंडरपुढे उभे करण्यासाठी तिचा आधार घेता येत नाही.