तीन प्रश्न आणि एक खुलासा

मोटारी भाड्याने देणारी ‘एन्टरप्राइझ रेंट-अ-कार’ ही अमेरिकी कंपनी ग्राहकांना फोन करून फक्त दोन प्रश्न विचारत असे. गाडी घेण्याचा अनुभव कसा होता, आणि पुन्हा आमच्याकडे याल का? मोजणीत धरली जायची ती केवळ सर्वोच्च पसंती देणारी माणसं. प्रश्न दोनच असल्यामुळे अमेरिकेतल्या सुमारे पाच हजार शाखांची क्रमवारी काही दिवसांत तयार होई आणि मागे पडलेल्या शाखेला आपलं कुठे चुकतंय हे शोधायला वेळ मिळे. फ्रेड राइकहेल्ड यांनी डिसेंबर २००३च्या ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’तल्या लेखात ही हकीकत सांगितली. ‘तुम्ही आमचं नाव मित्राला सुचवाल का? ० ते १० गुण द्या’ हा आता सर्वांच्या मेलबॉक्समध्ये येणारा प्रश्न त्याच लेखातून जगभर पसरला.

फोनची जागा ईमेलने घेतली आणि प्रश्न वाढत गेले. मेलमध्ये पंचविसावा प्रश्न घालायला पैसे लागत नाहीत. त्याची किंमत ग्राहक मोजतो, आणि बहुतेक वेळा तो अर्ध्यावरून निघून जातो.

उदाहरण म्हणून दापोलीजवळचं सहा खोल्यांचं एक घरगुती निवासस्थान कल्पू. चालवणारं एक जोडपं आहे. हंगाम संपताना पाहुण्यांना मेल पाठवायचं ठरतं आणि पहिल्या कच्च्या खर्ड्यात बावीस प्रश्न होतात. वय, व्यवसाय, किती रात्री राहिलात, आमची माहिती कुठून मिळाली, जेवण आणि स्वच्छता कशी वाटली, वगैरे. आता प्रत्येक प्रश्नाला एकच कसोटी लावायची: याचं उत्तर वाईट आलं तर आपण नेमकं काय बदलणार? व्यवसाय कळून काहीच बदलत नाही, तो प्रश्न गेला. किती रात्री राहिलात हे नोंदवहीत आहेच, तोही गेला. ‘जेवण आणि स्वच्छता’ हे एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. कोणी पाचपैकी तीन गुण दिले तर स्वयंपाकघराकडे धावायचं की न्हाणीघराकडे, हे कळणारच नाही.

शेवटी तीन उरतात. मुक्काम एकूण कसा झाला, एक ते पाच? काय कमी पडलं: जेवण, खोली, गरम पाणी, रस्ता सापडणं, की काहीच नाही? आणि आणखी काही सांगायचं असेल तर मोकळी जागा.

प्रश्नांइतकाच महत्त्वाचा भाग त्यांच्या वर लिहायचा असतो, आणि तोच बहुतेक मेलमध्ये नसतो. ‘आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे’ या वाक्यातून ग्राहकाला काहीच कळत नाही. दापोलीच्या जोडप्याने असं लिहावं: “तीन प्रश्न आहेत, दोन मिनिटं पुरतील. उत्तरं आम्ही दोघंच वाचतो. पावसाळ्यात घर बंद असताना कोणती दुरुस्ती आधी करायची हे त्यावरून ठरवतो. उत्तराशेजारी तुमचं नाव आम्हाला दिसतं, कारण ते खोलीच्या नोंदीशी ताडून पाहायचं असतं. तुमचं वाक्य जाहिरातीत वापरायचं झालं तर आधी विचारू. दिवाळीपूर्वी नावं पुसून टाकू.” कोण वाचणार, कशासाठी, नाव दिसणार का आणि किती दिवस ठेवणार, हे सगळं सहा वाक्यांत आलं.

यातलं नावाबद्दलचं वाक्य सर्वांत नाजूक. ‘तुमची ओळख गुप्त राहील’ असं अनेकजण सवयीने लिहितात, पण प्रत्येकाला जाणाऱ्या लिंकमध्ये वेगळा क्रमांक दडलेला असेल तर कोणाचं उत्तर कोणाचं, हे पाठवणाऱ्याला कळतंच. मग ते वचन खोटं ठरतं. खरंच निनावी उत्तरं हवी असतील तर सर्वांना एकच लिंक पाठवावी आणि फॉर्ममध्ये ईमेल पत्ता गोळा करण्याची सोय बंद ठेवावी. त्या बदल्यात तक्रार करणाऱ्याला फोन करता येणार नाही, हे स्वीकारावं लागतं.

गुणांचा दुसरा वापरही सांगायला हवा. अनेक ठिकाणी ग्राहकाने दिलेल्या गुणांवर कर्मचाऱ्याचा बोनस ठरतो. मग कर्मचारीच ‘दहा द्या हो’ म्हणून गळ घालतो, ग्राहक दयेपोटी दहा देतो, आणि आकडा निरुपयोगी होतो. गुणांच्या अशा गैरवापराबद्दल खुद्द राइकहेल्ड यांनी २०२१मध्ये लिहिलं आहे.

भारतात टप्प्याटप्प्याने लागू होत असलेला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ याच दिशेने जातो. संमतीच्या आधारे वैयक्तिक माहिती घ्यायची असेल तर कोणती माहिती, कोणत्या हेतूने, हे आधी सांगावं लागतं, आणि ही सूचना इंग्रजीबरोबरच मराठीसह राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचण्याची सोय द्यावी लागते. एका हेतूसाठी दिलेली संमती दुसऱ्या हेतूला चालत नाही. मुक्कामाबद्दल मत विचारून त्याच पत्त्यावर पुढे सवलतींच्या जाहिराती पाठवणं त्यात बसत नाही.

खुलासा करण्यामागे आणखी एक व्यावहारिक कारण आहे. एप्रिल २०२२मध्ये भारतीय टपाल खात्याला लोकांना सावध करावं लागलं होतं: खात्याच्या नावाने सर्वेक्षण आणि बक्षिसांचं आमिष दाखवणाऱ्या बनावट लिंक फिरत होत्या. तेव्हापासून सावध झालेला ग्राहक बक्षिसाचं नाव दिसताच मेल पुसतो. म्हणून मेल आपल्या नेहमीच्याच पत्त्यावरून जावा, त्यात मुक्कामाची तारीख असावी, आणि जन्मतारीख किंवा बँकेचा तपशील कधीच मागू नये.

एक तांत्रिक खड्डाही ठाऊक हवा. मेलमध्येच पाच तारे देऊन ‘एकावर क्लिक करा, उत्तर नोंदलं’ अशी सोय केली जाते. पण अनेक कंपन्यांच्या मेलबॉक्सवर बसवलेली सुरक्षा यंत्रणा मेल पोचताच त्यातल्या लिंक स्वतःच उघडून तपासते. मग माणसाने मेल वाचण्याआधीच त्याच्या नावावर एक ताराही पडतो आणि पाचही. एकाच पत्त्यावरून काही सेकंदांत सगळे पर्याय आलेले दिसले, तर ते यंत्राचं काम समजावं. उपाय सोपा आहे: क्लिक केल्यावर पान उघडावं आणि ‘पाठवा’ दाबल्यावरच उत्तर धरलं जावं.

आता उत्तरं आली. समजा, २४० मेलपैकी ४८ जणांनी लिहिलं आणि त्यातल्या ४० जणांनी चार किंवा पाच गुण दिले. ‘आमचे ८३ टक्के पाहुणे समाधानी’ अशी पाटी लावायचा मोह होतो. पण १९२ जण गप्प आहेत, आणि ते खूश होते की पुन्हा न येण्याचं ठरवून बसलेत, हे कोणालाच माहीत नाही. खरं म्हणायचं तर ‘उत्तर दिलेल्या ४८पैकी ४० समाधानी’, एवढंच.

कामाची गोष्ट दुसऱ्या प्रश्नात सापडते. १४ जणांनी गरम पाण्यावर खूण केली आणि नोंदवही ताडली तर त्यातले ११ मागच्या दोन खोल्यांमधले निघाले. सौरबंबापासून तिथवर जाणारा पाइप लांब आणि उघडा आहे, पाणी वाटेतच निवतं. पाइपला उष्णतारोधक आवरण घालायचं, आणि तरी भागलं नाही तर त्या दोन खोल्यांत छोटा गिझर बसवायचा. दुरुस्तीनंतर त्या ४८ जणांना दोन ओळींचा मेल जावा: तुम्ही पाण्याबद्दल लिहिलंत, हे बदललं.

वाचकांनीही आपल्या बाजूने एक करावं. असा मेल आला आणि उत्तरांचं काय होणार हे त्यात लिहिलेलं नसेल, तर फॉर्म भरण्याआधी पाठवणाऱ्याला तेवढंच विचारावं. समाधानकारक उत्तर मिळालं तर दोन मिनिटं जरूर द्यावीत, नाही मिळालं तर फॉर्म कोरा ठेवावा.