मिठाचं नाव पहिल्यांदा कोण काढतं?

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधली अठरावी रात्र, ‘अळणी भाजी’, बहुतेकांना गोष्ट म्हणून पाठ असते. आई भाजीत मीठ घालायला विसरते, घरातले सगळे न बोलता जेवतात, शेवटी आई जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. पाच मिनिटांत वाचून होते. पण हीच गोष्ट उभ्या-आडव्या रेघांच्या तक्त्यात मांडून पाहिली, तर एक विलक्षण गोष्ट समोर येते. या प्रकरणाचं सगळं बळ तक्त्यातल्या रिकाम्या चौकटींत साठलेलं आहे.

हे मी चिंचोटीला पाहिलं. महामार्ग सोडून कामणकडे वळणाऱ्या रस्त्यावर माझी एक भाची राहते. बी.ए.ला मराठी घेतलंय. कॉलेजनं अंतर्गत परीक्षेत पुस्तक उघडून उत्तरं लिहायची मुभा दिली होती. पुस्तक आणि स्वतःच्या हातानं काढलेली टिपणं न्यायची, बाकी काही नाही. पावसाळ्यात रविवारी धबधब्याला जाणाऱ्यांच्या गाड्यांनी तो रस्ता तुंबून जातो, घराबाहेर पडायची सोय नसते. तशाच एका रविवारी आम्ही दोघी आडवी वही घेऊन बसलो.

पुस्तक समोर असणारच, मग टिपणं कशाला, असं सहज वाटतं. पण अशा परीक्षेत ‘आईनं भाजीत काय घातलं नाही?’ असा प्रश्न कुणी विचारत नाही. तिथे विचारतात, ‘या प्रकरणात संयम हा गुण म्हणून येतो की त्याची काही किंमतही मोजावी लागते?’ याचं उत्तर कुठल्याही एका पानावर लिहिलेलं नसतं. ते तीन-चार ठिकाणी विखुरलेलं असतं आणि तास-दीड तासात ती ठिकाणं शोधून एकमेकांशेजारी आणावी लागतात. ते शेजारी आणण्याचं काम तक्ता आधीच करून ठेवतो.

सुरुवात पात्रांच्या तक्त्यापासून. प्रकरणाचे प्रसंग पाडायचे. निकष सोपा आहे, कुणाला नवं काही कळलं किंवा बोलण्याची दिशा बदलली की प्रसंग बदलला. त्या हिशेबानं आमचे सहा प्रसंग झाले. आई वाढते. वडील आणि मुलं पहिला घास घेतात, भाजी अळणी आहे हे त्यांना कळतं. श्यामला भाजी आवडली नाही का, असं आई विचारते आणि वडील त्याच्या इंग्रजी शिकण्यावरून त्याला चिडवतात. पुरुषमाणसांची जेवणं उरकतात. आई जेवायला बसते आणि तिला कळतं. शेवटी श्याम या सगळ्यावर आपलं मन उघडं करतो. हे सहा प्रसंग आडव्या ओळींत आणि वरती रकान्यांची डोकी: आई, वडील, श्याम.

इथेच पहिली अडचण आली. सहाव्या ओळीत श्याम जे बोलतो ते त्या जेवणाच्या पानावर बसलेल्या मुलाला सुचणं शक्यच नाही. ते बोलणारा श्याम मोठा आहे, आश्रमातल्या मित्रांना रात्री आठवणी सांगतोय. म्हणजे रकाने तीन नव्हेत, चार हवेत: आई, वडील, तेव्हाचा श्याम आणि सांगणारा श्याम. जेरार्द जनेत या फ्रेंच समीक्षकानं 1972 मध्ये कथनाविषयी लिहिताना ‘पाहतो कोण’ आणि ‘बोलतो कोण’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवायला सांगितलं. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिताना पाहणारा आणि बोलणारा असे दोन श्याम शेजारी बसवून ठेवले होते. रकाना दुभंगला नाही तर विद्यार्थी हमखास लिहितो की ‘लहानग्या श्यामला संयमाचं मोल कळलं’. प्रकरणात असं काहीही नाही. तेव्हाचा श्याम गप्प बसतो, एवढंच.

प्रत्येक चौकटीत तीन गोष्टी भरायच्या: पात्रानं काय केलं किंवा काय बोललं, त्या क्षणी त्याला काय माहीत आहे, आणि पुस्तकात ते कुठे आहे. यातली मधली गोष्ट सहसा कुणी लिहीत नाही आणि खरा उलगडा तिच्यातच आहे. दुसऱ्या ओळीपासून वडिलांना माहीत आहे, श्यामला माहीत आहे. आईला पाचव्या ओळीपर्यंत माहीत नाही. म्हणजे दुसरी ते चौथी ओळ, निम्मं प्रकरण, ही एकटी बाई अज्ञानात आहे आणि तीच सगळ्यांना वाढते आहे. तिसऱ्या ओळीतला तिचा साधा प्रश्न या उजेडात पुन्हा वाचा. मुलाला भाजी आवडली नाही की काय, एवढंच तिला विचारायचंय. पण वडील आणि मुलगा, दोघांनाही खरं उत्तर ठाऊक आहे. वडील झटकन विषय इंग्रजीकडे वळवतात. सुटं वाचलं तर ती गंमत वाटते. शेजारच्या चौकटीत ‘माहीत आहे’ असं लिहिलेलं दिसलं की कळतं, ही गंमत म्हणजे त्या माणसानं बायकोला लागू नये म्हणून पुढे केलेली ढाल आहे.

मग भाचीनं पेन्सिलीनं एक काम केलं जे मला सुचलं नव्हतं. मिठाचा उल्लेख जिथे जिथे बोलण्यात येतो, त्या चौकटींवर तिनं ठिपका द्यायला घेतला. दुसरी ओळ, ठिपका नाही. तिसरी, नाही. चौथी, नाही. पानात वाढलेलं मीठ वडील भाजीला लावूनही घेत नाहीत, कारण तेवढ्यावरून आईला कळलं असतं. मिठाचं नाव गोष्टीतल्या माणसांपैकी पहिल्यांदा आई काढते, पाचव्या ओळीत, स्वतःचा घास घेतल्यावर. ज्यांना कळलं ते बोलले नाहीत आणि जिची चूक होती तिनंच ती मोठ्यानं सांगितली. “मावशी, इतक्या वेळा वाचलं, हे कधी दिसलंच नाही,” ती म्हणाली. दिसणार कसं? वाचताना न बोललेलं दिसत नाही, कारण ते पानावर छापलेलंच नसतं. तक्त्यात मात्र त्याच्यासाठी जागा आखलेली असते आणि ती कोरी राहते.

क्लोद लेव्ही-स्ट्रोस या मानववंशशास्त्रज्ञानं 1955 च्या एका निबंधात ईडिपसच्या पुराणकथेचे तुकडे असेच ओळी आणि रकान्यांत मांडले. आडवं वाचलं तर गोष्ट मिळते, उभं वाचलं तर गोष्टीचा अर्थ, असं त्याचं म्हणणं होतं. आमच्या वहीत वडिलांचा रकाना उभा वाचला तेव्हा तेच घडलं. वरपासून खालपर्यंत त्या माणसाच्या वाट्याला भाजीबद्दल एकही खरा शब्द आलेला नाही.

आता आशयसूत्रांचा तक्ता. यात डाव्या हाताला सूत्रं येतात: संयम, कामातली निगुती, वडीलधाऱ्यांकडे बघून वागणं, नवं शिक्षण आणि घरची चव. रकाने असे: सूत्राच्या बाजूनं जाणारी कृती, सूत्राला छेद देणारी कृती, ते शब्दांत कोण मांडतं, आणि जागा. दुसरा रकाना कोरा राहिला तर समजावं, आपण सूत्र लिहिलेलं नाही, सुविचार लिहिलाय. संयमाच्या ओळीत बाजूनं वडिलांचं वागणं आलं. छेद देणारं काय? खूप वेळ पेन थांबलं. मग सापडलं: या संयमामुळेच आईला पुढे जास्त लागलं. तिनं मुलांना विचारलं की सांगितलं का नाहीत. आपण माणसांना अळणी खायला घातलं ही हळहळ तिला एकटीला सोसावी लागली. पहिल्याच घासाला कुणी बोललं असतं तर ती टळली असती.

याच ओळीत आणखी एक बारीक गोष्ट हाती लागली. गप्प राहणं ही एकच कृती दोन चौकटींत येते, पण कारणं निराळी. वडील गप्प आहेत ते पत्नीचं मन जपायला. मुलं गप्प आहेत ती भाऊ बोलले नाहीत म्हणून, आणि ‘भाऊ’ म्हणजे त्यांचे वडील. या दुसऱ्या गप्प राहण्याला संयम म्हणता येत नाही. ते ‘वडीलधाऱ्यांकडे बघून वागणं’ या ओळीत हलवावं लागलं. आम्ही ते हलवलं तेव्हा पहिल्या तक्त्यातला श्याम आणि दुसऱ्यातलं सूत्र एकमेकांत नीट बसले.

सहाव्या ओळीत सांगणारा श्याम स्वतःच एक तराजू मांडतो: जीभ आवरणारे वडील मोठे, की चांगलं देता आलं नाही म्हणून कष्टी होणारी आई मोठी? तो निकाल देत नाही. संयम आणि समाधान यांच्या जोडीला कर्मकुशलता, म्हणजे काम नीट करण्याची आच, असं दोन्ही तो आपल्या संस्कृतीच्या पायात घालतो. परीक्षेतल्या प्रश्नाचं उत्तर याच जागेवरून सुरू करावं आणि तिथून मागे जात दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या ओळीतले पुरावे उचलावेत.

तक्ता फसलाय हे ओळखायची एक खूण आहे. रकान्याचं डोकं हातानं झाकावं आणि चौकट वाचावी. ‘प्रेमळ’, ‘त्यागी’, ‘सोशिक’ असं काही दिसलं तर ती चौकट पुस्तकातल्या कुठल्याही रात्रीला चालेल, म्हणजे इथे कामाची नाही. ‘पानातलं मीठ लावून घेत नाहीत’ असं दिसलं तर ती या रात्रीचीच आहे.

जागा लिहिताना पान क्रमांकावर विसंबू नये. साने गुरुजी 1950 मध्ये गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे 2011 पासून हे पुस्तक कुणीही छापू शकतं आणि प्रत्येकाची पानं वेगळी पडतात. घरी एक प्रत वाचून तक्ता केला आणि परीक्षेला ग्रंथालयातली दुसरी नेली, तर सगळे आकडे वाया. रात्रीचा क्रमांक आणि परिच्छेदाचे पहिले दोन शब्द लिहिले की कुठल्याही आवृत्तीत जागा सापडते.

एवढं करूनही आवाजाचा पोत तक्त्यात येत नाही. श्यामच्या सांगण्यातला ओलावा, आईच्या विचारण्यातली काळजी, यांच्यासाठी रकाना आखता येत नाही. त्यासाठी पुस्तकच उघडावं लागतं, आणि ते उघडं ठेवायची परवानगी असलेली ही परीक्षा आहे.

दिवेलागणीला भाचीनं वहीत एक नवी आडवी ओळ आखली आणि तिच्यापुढे ‘रात्र छत्तिसावी’ असं लिहिलं. त्या रात्रीचं नाव ‘तेल आहे तर मीठ नाही’. अठराव्या रात्री मीठ घरात होतं, आई विसरली होती. मधल्या रात्रींत कर्ज येतं, अब्रू पणाला लागते. छत्तिसाव्या रात्री मीठ नसणं ही विसर पडल्याची गोष्ट उरलेली नसते. “वडिलांच्या रकान्यात आता काय भरायचं?” तिनं विचारलं आणि पुस्तकाची पानं पुढे उलटायला घेतली.