हप्ता एवढासाच कमी, व्याज मात्र केवढे!

नवराबायको दोघे मिळून 50 लाखांचे गृहकर्ज बघत आहेत, दर 8.5 टक्के. कॅल्क्युलेटरवर 20 वर्षे टाकली की हप्ता येतो सुमारे 43,400 रुपये; 30 वर्षे टाकली की 38,450. महिन्याला पाच हजार वाचले म्हणून दुसरा पर्याय गोड वाटतो. पण खालचा एकूण व्याजाचा आकडा वाचा: पहिल्यात 54 लाख, दुसऱ्यात 88 लाख.

बहुतेक ॲप एक गोष्ट दाखवत नाहीत. ती दर शेवटपर्यंत तोच धरतात, आणि आपले कर्ज तर बहुधा बदलत्या दराचे असते. सुरुवातीलाच दर 9.5 झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर 20 वर्षांचे कर्ज पावणेसव्वीस वर्षांपर्यंत लांबते. हप्ता बदलत नसल्याने हे लक्षातही येत नाही! रिझर्व्ह बँकेच्या 2023च्या सूचनेनुसार अशा वेळी हप्ता वाढवायचा की मुदत, हे ठरवण्याचा पर्याय बँकेने कर्जदाराला द्यायला हवा. म्हणून कॅल्क्युलेटरमध्ये एक टक्का जास्त दर टाकून पाहा, आणि तो हप्ता एकाच्या पगारात भागतो का, तेही तपासा.