डेमरेजचा परतावा मागताना

न्हावा शेवा बंदरात उतरलेला कंटेनर मोफत दिवसांत उचलला नाही, की शिपिंग लाइन रोजच्या दराने डेमरेज लावते. उशीर आपला असेल तर बिल भरून मोकळे व्हावे. पण कधी चूक लाइनचीच असते. जहाजाने आणलेल्या मालाची यादी, म्हणजे आयजीएम, कस्टम्सकडे भरण्याची जबाबदारी लाइनची किंवा तिच्या एजंटची. त्यात कंटेनर क्रमांकाचा एक आकडा चुकला, तरी आपली बिल ऑफ एंट्री त्याच्याशी जुळत नाही आणि दुरुस्ती होईपर्यंत माल अडकतो.

एक उदाहरण धरू. कंटेनर 3 तारखेला उतरला, मोफत दिवस पाच, म्हणजे 7 पर्यंत. सीएचएला आयजीएममधली चूक 5 तारखेला दिसली आणि त्याने त्याच दिवशी लाइनला मेल केला. दुरुस्ती झाली 11 तारखेला, कस्टम्सचा आउट ऑफ चार्ज मिळाला 12 ला. आपला ट्रक मात्र 13 ला पोचला. रोजचे चार हजार धरले, तर 8 ते 13 अशा सहा दिवसांचे बिल 24 हजार.

पैसे आधी भरावे लागतात, नाहीतर कंटेनर सुटत नाही. मात्र भरतानाच ‘हरकत नोंदवून भरत आहोत’ असे लेखी कळवावे. पुढे ‘तुम्ही बिल मान्य केलेत’ असे कोणी म्हणू नये, एवढ्यासाठी.

आता दाव्याचा मेल. विषयात बिल ऑफ लेडिंग, कंटेनर आणि डेमरेज बिल यांचे क्रमांक हवेत, कारण लाइनचा कारकून याच क्रमांकांवरून फाइल काढतो. मेल इंग्रजीतच जाईल, आशय असा:

“महोदय, आयजीएममधील कंटेनर क्रमांकाची चूक आम्ही 5 तारखेला कळवली. दुरुस्ती 11 ला झाली. आमची कागदपत्रे त्याआधीच तयार होती. त्यामुळे 8 ते 12 या पाच दिवसांचे 20 हजार रुपये परत मिळावेत, ही विनंती. 13 तारखेचा उशीर आमच्या ट्रकमुळे झाला. त्या दिवसाची रक्कम आम्ही मागत नाही. आपला पहिला मेल, दुरुस्तीचा पुरावा, आउट ऑफ चार्ज आणि पावती सोबत जोडली आहे. क्रेडिट नोट कधीपर्यंत मिळेल, ते कृपया कळवावे.”

यात ‘तुमच्या निष्काळजीपणामुळे’ असे कुठेच नाही. तारखा ओळीने लावल्या, की दोष आपोआप दिसतो. तेराव्या तारखेचे चार हजार सोडल्याने उरलेल्या दाव्याचे वजन वाढते.

दाव्याला मर्यादाही आहेत. बंदरातली गर्दी किंवा वादळ यांमुळे झालेला उशीर लाइनच्या माथी मारता येत नाही. बिल ऑफ लेडिंगच्या मागच्या बारीक अक्षरांतल्या अटी बहुधा लाइनच्याच बाजूच्या असतात. कंटेनर सीएफएसमध्ये पडून राहिला, तर तिथले ग्राउंड रेंट वेगळे. ते बिल सीएफएसचे असते, म्हणून त्यात सवलत हवी असेल तर अर्ज तिकडेच करावा आणि सोबत लाइनच्या चुकीचा पुरावा द्यावा.