फरक दुपटीचा असेल तर

समजा, वसई पूर्वेच्या वालीवमधल्या एका कारखान्याची महिन्याची विक्री १०,००,००० रुपये आहे आणि परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोट ४०,००० च्या. विक्री नोंदवही ९,६०,००० दाखवते, जीएसटीआर-१चा सारांश मात्र १०,४०,०००. फरक ८०,०००, म्हणजे क्रेडिट नोटच्या नेमका दुप्पट. ही खूण पक्की: रक्कम राहून गेली असती, तर फरक ४०,०००च आला असता, इथे ती वजा होण्याऐवजी मिळवली गेली. विवरणपत्रात क्रेडिट नोटची रक्कम धनच लिहितात, वजाबाकी `C` या प्रकारावरून होते. तिथे `D` पडला, की ती डेबिट नोट ठरते. १८ टक्क्यांनी १४,४०० रुपये कर जादा दिसतो. विवरणपत्र भरून झालं असेल, तर त्याच महिन्याच्या जीएसटीआर-३बीआधी जीएसटीआर-१एमध्ये दुरुस्ती करता येते.